चुकलेल्या मुदतीचे पत्र

ठरलेल्या तारखेला काम हातावेगळे झाले नाही, म्हणजे माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी संगणकासमोर बसून जी ईमेल लिहितो, ती त्याने वर्षभरात लिहिलेल्या सर्व ईमेलींमध्ये बहुधा सर्वांत लांब असते. आणि तिच्यात ज्या दोन गोष्टींसाठी समोरचा मनुष्य ती उघडतो, म्हणजे कसूर कोणाची आणि काम आता केव्हा मिळणार, त्याच दोन गोष्टी इतक्या खोल पुरलेल्या असतात की त्या उकरून काढण्याचे श्रम वाचणाऱ्यालाच घ्यावे लागतात. असे पत्र आखूड कसे करावे, ते आखूड करताना कोणत्या वाक्यांवर हात पडू देऊ नये, आणि नवी तारीख कशी काढावी व कशी लिहावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. नियम सांगून हे काम शिकता येत नाही असा अनुभव असल्यामुळे, एक प्रत्यक्ष पत्र पुढे ठेवून त्यावर कात्री चालविणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

माझ्या परिचयाची एक तरुण अनुवादिका आहे. एका सहकारी पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचा मराठी अनुवाद तिने स्वीकारला होता. मूळ इंग्रजी अहवाल चौसष्ट पानांचा, आणि मुदत सोमवार, १८ ऑगस्टची. मंगळवारी सकाळी तिने लिहिलेले पत्र पाठविण्यापूर्वी माझ्याकडे वाचावयास दिले. ते तिच्या संमतीने येथे जसेच्या तसे देतो.

विषय: क्षमस्व

मा. सचिव महोदय,
सप्रेम नमस्कार. सर्वप्रथम आपली मनःपूर्वक क्षमा मागते. आपण मोठ्या विश्वासाने संस्थेच्या वार्षिक अहवालाच्या अनुवादाचे काम माझ्याकडे सोपविले होते आणि ते काल, १८ ऑगस्टला, आपणाकडे पोहोचणे अपेक्षित होते, याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु गेल्या आठवड्यात माझी प्रकृती ठीक नव्हती, दोन दिवस ताप होता, त्यातच आमच्या भागात वीजपुरवठा वारंवार खंडित होत होता आणि घरी पाहुणेही आले होते. शिवाय लेखापरीक्षण अहवालाची परिशिष्टे अपेक्षेपेक्षा बरीच मोठी आणि क्लिष्ट निघाली, त्यामुळे ती बाजूला राहून गेली आणि काम वेळेत पूर्ण होऊ शकले नाही. मी आजवर कधीही मुदत चुकविलेली नाही, हे आपण जाणताच. या विलंबामुळे आपली गैरसोय झाली असल्यास मी अत्यंत दिलगीर आहे. अध्यक्षांचे मनोगत, संचालक मंडळाचा अहवाल आणि ताळेबंद यांचा अनुवाद जवळजवळ तयार आहे, त्यावर शेवटचा हात फिरवायचा आहे. उरलेले काम मी रात्रंदिवस बसून लवकरात लवकर, शक्यतो या आठवड्याच्या अखेरीपर्यंत, पूर्ण करण्याचा प्रामाणिक प्रयत्न करीन. यापुढे असे कदापि घडणार नाही, याची खात्री बाळगावी. आपण मला समजून घ्याल, अशी आशा आहे. पुन्हा एकदा मनापासून क्षमस्व.
आपली नम्र,

पत्रात दांभिकता नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. लिहिणारी खरोखर खजील झाली होती आणि रात्री तिला झोपही लागली नव्हती. पत्र सुमारे दीडशे शब्दांचे आहे. त्यात क्षमायाचना तीन ठिकाणी आहे, कारणे चार आहेत, आणि तारखेसारखे जे काही आहे ते सव्वाशे शब्द उलटल्यानंतर ‘शक्यतो’ या शब्दाचा हात धरून येते. परंतु केवळ लांबी हा त्याचा खरा दोष नव्हे. हे पत्र ज्यांच्या हाती पडणार होते त्या सचिवांच्या टेबलावर त्या सकाळी काय होते, याचा विचार त्यात कोठेच नाही.

सहकारी संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. या संस्थेची सभा २१ सप्टेंबरला, रविवारी, ठरली होती. पूर्ण चौदा दिवसांची नोटीस देणे भाग असल्यामुळे नोटीस व तिच्यासोबतचा छापील अहवाल ६ सप्टेंबरच्या आत टपालात पडावयास हवा होता. आणि गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला असल्याने मुद्रणालयातील निम्मे कामगार त्याआधीच कोकणात आपापल्या गावी जाणार होते. अशा स्थितीत सचिवांना मंगळवारी सकाळी दोन गोष्टी हव्या होत्या: मुद्रणालयाला काय सांगावयाचे, आणि अध्यक्षांना काय सांगावयाचे. ताप, वीज आणि पाहुणे यांपैकी एकाही गोष्टीचा त्या दोन निरोपांशी संबंध नव्हता. ‘आठवड्याच्या अखेरीपर्यंत’ या शब्दांतून शुक्रवार समजावा की रविवार, हेही त्यांना कळले नसते, आणि त्यांनी उलट टपाली ‘नक्की केव्हा?’ असे विचारले असते. म्हणजे जे पत्र त्यांचा भार हलका करण्यासाठी लिहिले, त्यानेच त्यांच्यावर एक पत्र लिहिण्याचा नवा भार टाकला असता.

म्हणून पत्र आखूड करावयास बसताना पहिले काम शब्द खोडण्याचे नाही. आपल्या पत्रानंतर वाचणाऱ्याला कोणाला काय सांगावे लागणार आहे, हे कागदावर एका ओळीत लिहून घ्यावे, आणि मग मसुद्यातील प्रत्येक वाक्य त्या ओळीशी ताडून पाहावे. मागच्या पिढीला हा अभ्यास तारखात्याने आपोआप करविला होता. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे बारशापासून बाराव्यापर्यंतची प्रत्येक वार्ता माणसे आठ-दहा शब्दांत सांगू शकत. ती तार भारतात जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण तिची कसोटी आजही लावून पाहण्यासारखी आहे. मी या अनुवादिकेला तिच्या पत्राची तार लिहावयास सांगितली. तिने बराच वेळ विचार करून लिहिले: ‘मुदत चुकविली. अठरा पाने बाकी. गुरुवारी देते. चूक माझी.’ पत्राचा सांगाडा तेवढाच होता. बाकीचे जे काही पत्रात येईल, त्याला या सांगाड्यावर बसण्याचा हक्क सिद्ध करावा लागेल.

आता कात्रीकडे वळू. क्षमायाचनेची तीन स्थाने आहेत, त्यांतले एक ठेवावे, आणि ते कबुलीनंतर लगेच असावे. आरंभी आणि अखेरीस क्षमा मागण्याची जी रीत पडली आहे, तिने पत्राच्या दोन्ही मोक्याच्या जागा, म्हणजे पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य, निष्कारण अडविल्या जातात. ‘आपण मोठ्या विश्वासाने’ हे वाक्य, ‘आजवर कधीही मुदत चुकविलेली नाही’ हे वाक्य आणि ‘आपण समजून घ्याल’ ही आशा, ही तिन्ही काढावी. दुसरे वाक्य खरे असले, तरी ते आपल्या तोंडी शोभत नाही. सचिवांना ते आठवेल, आणि आठवले नाही तर ते लिहूनही त्यांना पटणार नाही. तिसऱ्याविषयी एक अभ्यास सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये क्षमायाचनेचे सहा घटक वेगळे करून, त्यांपैकी कोणता घटक ऐकणाऱ्यावर किती परिणाम करतो, हे तपासले. खेद व्यक्त करणे, कारण सांगणे, जबाबदारी पत्करणे, पश्चात्ताप दर्शविणे, भरपाईची तयारी दाखविणे आणि क्षमा करण्याची विनंती करणे, असे ते सहा घटक होत. लोकांनी सर्वांत अधिक महत्त्व दिले ते जबाबदारी पत्करण्याला, त्याखालोखाल भरपाईला; आणि सर्वांत कमी महत्त्व दिले ते क्षमा करण्याच्या विनंतीला. आपल्या मसुद्यात नेमकी उलटी विभागणी असते: विनंती विपुल, आणि जबाबदारीचे वाक्य शोधूनही सापडत नाही.

ते का सापडत नाही, याचे कारण काही अंशी आपल्या भाषेत आहे, आणि येथे थोडे थांबून पाहणे अवश्य आहे. मराठीत कर्त्याला अदृश्य करण्याच्या इतक्या सोयी आहेत की लिहिणाऱ्याला त्या वापरल्याचे भानही राहत नाही. ‘विलंब झाला’ म्हटले की विलंब पावसासारखा आपोआप पडतो. ‘राहून गेले’ म्हटले की कामच जणू स्वतःच्या इच्छेने मागे राहिले. ‘होऊ शकले नाही’ या प्रयोगात करणारा मुळी नाहीच. ‘जमले नाही’ यात तो आहे, पण ‘मला’ या रूपाने, म्हणजे कर्ता म्हणून नव्हे तर सोसणारा म्हणून. या अनुवादिकेच्या पत्रात ‘मी’ हा शब्द चार वाक्यांत येतो वा गृहीत आहे: मी क्षमा मागते, मी कधी मुदत चुकविली नाही, मी दिलगीर आहे, मी प्रयत्न करीन. चुकीच्या वाक्यात मात्र तो नाही. तेथे परिशिष्टे मोठी निघाली, ती राहून गेली, आणि काम होऊ शकले नाही. रेल्वेच्या फलाटावरची सूचना ज्या वेळी होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करते, त्या वेळी ती ऐकून कोणाचाही राग निवळत नाही, याचेही कारण हेच: दिलगिरी आहे, पण गाडी कोणी अडविली ते नाही.

तेव्हा मसुदा हाती घेऊन त्यातील क्रियापदांखाली पेन्सिलीने रेघ ओढावी, आणि ‘झाले’, ‘राहिले’, ‘गेले’, ‘निघाले’, ‘शकले नाही’ अशी जी क्रियापदे चुकीच्या वर्णनात आली असतील, त्यांपैकी निदान एकाच्या जागी ‘मी’ने आरंभ होणारे साधे क्रियापद ठेवावे: मी दिले नाही, मी पाहिले नाही, मी कळविले नाही. एक वाक्य पुरते. प्रत्येक वाक्यात स्वतःला दोष देत सुटले, तर ते पुन्हा क्षमायाचनेच्याच लांबणीवर येते, आणि वाचणाऱ्यावर आपले सांत्वन करण्याची पाळी येते. त्याच ओघात ‘गैरसोय झाली असल्यास’ यातील ‘असल्यास’ही काढून टाकावे. गैरसोय झालेलीच आहे. तिच्याबद्दल शंका उपस्थित करणारे रूप शिष्टाचाराने आलेले असले, तरी ज्याची गैरसोय झाली त्याला ते टोचते.

पेन्सिलीच्या या उद्योगातून एक गोष्ट निघाली, जी मला या सर्व प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते. ‘ती बाजूला राहून गेली’ या वाक्याचा कर्ता शोधताना मी तिला विचारले की परिशिष्टे इतकी मोठी आहेत हे तिला कळले केव्हा. ती म्हणाली, “गुरुवारी, चौदा तारखेला. त्याआधी मी ती उघडून पाहिलीच नव्हती.” मग चौदा तारखेलाच सचिवांना का कळविले नाही, असे विचारल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “वाटलं, शनिवार-रविवारी भरून काढीन.” दीडशे शब्दांच्या त्या पत्रात ही गोष्ट कोठेच नव्हती. तिने काम उशिरा केले, ही एक चूक. पण उशीर होणार हे चार दिवस आधी कळूनही तो मनात ठेवला, ही दुसरी चूक, आणि सचिवांच्या दृष्टीने तीच जड होती, कारण गुरुवारी कळले असते तर मुद्रणालयाचे वेळापत्रक हलविणे सोपे गेले असते. लांब पत्र पुष्कळदा याच कारणाने लांब होते: जे एक वाक्य लिहावयास जड जाते, त्याच्याभोवती माणूस इतर दहा वाक्ये रचीत राहतो. म्हणून पत्राची छाटणी करणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावाच, की ही मुदत चुकणार हे मला प्रथम कोणत्या दिवशी कळले. त्याचे उत्तर मुदतीच्या दिवसापूर्वीचे असेल, तर ते पत्रात आले पाहिजे, मग त्यासाठी पत्र एका ओळीने वाढले तरी चालेल.

कारणांचे काय करावे? चारही कारणे खरी होती. परंतु तापाचे दोन दिवस वगळूनही काम सोमवारी पुरे झाले नसते, हे तिने स्वतःच हिशेब करून मान्य केले; वीज आणि पाहुणे तर निव्वळ संख्या वाढविण्यासाठी आले होते. कारण एकच ठेवावे, आणि तेही असे की ज्यावरून नवी तारीख विश्वासार्ह का मानावी हे कळेल. परिशिष्टे आरंभी पाहिली नाहीत, हे कारण या कसोटीस उतरते, कारण आता ती पाहिलेली आहेत आणि पुढचा अंदाज त्यांना धरूनच केलेला आहे. आजारपण हेच खरे व एकमेव कारण असेल, तर ते अर्थातच लिहावे, पण एका उपवाक्यात. रोगाचे नाव, औषधे आणि रुग्णालयातील रात्री यांचा तपशील मागितल्याशिवाय देण्याचे कारण नाही. घरात मृत्यू झाला असेल, तर एवढेच वाक्य पुरेसे आहे, आणि अशा वेळी तर तारीख ठरविण्याचे कामही सहकाऱ्याकडे सोपवावे. विलंब दुसऱ्याकडून झालेला असेल, उदाहरणार्थ छायाचित्रे आली नाहीत, तर ती कोणत्या दिवसापर्यंत आली नाहीत एवढी वस्तुस्थिती द्यावी आणि त्याचा पाठपुरावा आपण केला की नाही हेही त्याच वाक्यात सांगावे. नाही तर कारण हे गाऱ्हाणे बनते.

आता तारीख. या विषयाचा सर्वांत कठीण भाग हाच आहे, कारण शब्द खोडता येतात, पण तारीख मोजून काढावी लागते, आणि ज्या मनःस्थितीत हे पत्र लिहिले जाते ती मोजणीला अगदी प्रतिकूल असते. खजील झालेला मनुष्य समोरच्याला बरे वाटेल अशी तारीख देतो. अनुवादिकेच्या मनात पहिल्याने गुरुवार, २१ ऑगस्ट होता. का, असे विचारता “त्याहून जास्त मागायची लाज वाटते” असे उत्तर आले. लाजेने काढलेली तारीख दुसऱ्यांदा चुकण्याचा संभव मोठा, आणि दुसऱ्यांदा चुकलेल्या तारखेनंतर पत्र कितीही आखूड व सुबक लिहिले तरी त्याचा उपयोग होत नाही. कामाला लागणारा वेळ माणसे सर्रास कमी धरतात, या प्रवृत्तीला डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये ‘नियोजनाचा भ्रम’ या अर्थाचे नाव दिले. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉजर ब्यूलर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवसांत प्रबंध पुरा होईल असे सांगितले, आणि प्रत्यक्षात सरासरी सुमारे ५५ दिवस लागले; सर्व काही प्रतिकूल घडले तर किती लागतील, या प्रश्नावर त्यांनी दिलेला आकडाही प्रत्यक्षाहून कमीच होता. मनाला विचारून तारीख मिळत नाही. ती हातून झालेल्या कामाला विचारावी लागते.

म्हणून आम्ही मोजले. चौसष्टपैकी सेहेचाळीस पाने पुरी झाली होती. ‘जवळजवळ तयार’ म्हणजे काय, असे विचारल्यावर असे निघाले की ती खरोखर तयारच होती, फक्त भीतीमुळे ‘शेवटचा हात’ राखून ठेवला होता. उरली परिशिष्टांची अठरा पाने. गद्य मजकुराचा तिचा वेग येथे गैरलागू, कारण परिशिष्टांत आकड्यांचे तक्ते आणि लेखापरीक्षणाची परिभाषा. पूर्वी केलेल्या अशाच एका कामात तिने दिवसाला सहा पाने केली होती. त्या मापाने मंगळवार, बुधवार, गुरुवार, असे तीन दिवस. शुक्रवारचा दिवस आकडे मुळाशी पडताळून पाहण्यासाठी, कारण तक्त्यांच्या अनुवादात एक शून्य गळाले तर उशिरापेक्षा मोठा अनर्थ. काम शुक्रवारी संध्याकाळी संपते. म्हणून वेळ दिली शनिवार, २३ ऑगस्ट, सकाळी ११. रात्रीचा हा अवकाश शिलकीत ठेवलेला आहे, आणि तो पत्रात सांगावयाचा नाही.

तारीख लिहिताना वार, दिनांक आणि वेळ ही तिन्ही द्यावीत. वार दिल्याने दिनांकातील चूक लगेच उघडी पडते. वेळ दिल्याने ‘शनिवारपर्यंत’ म्हणजे शनिवार धरून की सोडून, हा वाद उरत नाही. ‘शक्यतो’, ‘बहुधा’, ‘प्रयत्न करीन’ ही तिन्ही या वाक्यातून हद्दपार करावीत. ज्या तारखेला ती लावल्याशिवाय सही करवत नाही, ती तारीख बदलावी. शब्द ठेवू नयेत. आणि एक भेद लक्षात असावा: तारीख आपण देत आहोत की मुदतवाढ मागत आहोत? करारनाम्यात विलंबाबद्दल दंडाचे कलम असेल, किंवा सरकारी निविदेचे काम असेल, तर नवी तारीख परस्पर जाहीर करण्याचा आपणास अधिकार नसतो. तेथे ‘पर्यंत मुदतवाढ मंजूर करावी’ अशी रीतसर विनंती हवी, आणि अशा पत्रातील कबुलीचे शब्द पाठविण्याआधी जाणकाराला दाखवून घेणे शहाणपणाचे. पतसंस्थेच्या या कामात तसे कलम नव्हते, तरी मुद्रणालयाची सोय आमच्या हाती नव्हती; म्हणून तारीख ठाम ठेवून तिच्यामागे एक पर्याय ठेवला.

विषयाच्या ओळीबद्दल थोडेसेच. ‘क्षमस्व’ हा विषय नव्हे. महिन्याभराने ते पत्र शोधावयाचे झाले तर त्या शब्दाने ते सापडणार नाही. त्या ओळीत कामाचे नाव आणि नवी तारीख असावी, म्हणजे दूरध्वनीच्या पडद्यावर पत्र न उघडताही कळते. मात्र जीमेलमध्ये विषय बदलला की पत्र जुन्या मालिकेतून सुटून वेगळे पडते. आधीचा पत्रव्यवहार एकत्र राहणे महत्त्वाचे असेल तर विषय न बदलता तारीख पहिल्याच वाक्यात आणावी. येथे नवा विषय घेतला. शेवटी पाठविलेले पत्र असे:

विषय: वार्षिक अहवालाचा अनुवाद: उरलेली १८ पाने शनिवार, २३ ऑगस्ट, सकाळी ११ पर्यंत

मा. सचिव महोदय,
सप्रेम नमस्कार. अहवालाचा अनुवाद काल, १८ ऑगस्टला, देण्याचे कबूल करूनही मी तो पूर्ण दिला नाही. उरलेली १८ पाने मी शनिवार, २३ ऑगस्ट रोजी सकाळी ११ पर्यंत पाठवीन.
लेखापरीक्षण अहवालाची परिशिष्टे मी आरंभी उघडून पाहिली नाहीत. त्यांना लागणारा वेळ मला १४ तारखेला कळला, तरी मी तो तेव्हाच आपणास कळविला नाही. ही चूक माझी आहे आणि तिच्याबद्दल मी दिलगीर आहे.
तयार ४६ पाने सोबत जोडली आहेत. त्यांची जुळणी आजच सुरू करता येईल. शनिवारची वेळ मुद्रणालयाला चालणार नसेल, तर कृपया आज सायंकाळपर्यंत कळवावे. म्हणजे परिशिष्टांतील पहिली १२ पाने मी गुरुवारी सकाळीच पाठवीन.
आपली,

हे सुमारे नव्वद शब्द आहेत. याहून आखूड करता आले असते, आणि पुष्कळजण करतातही: ‘विलंबाबद्दल क्षमस्व, शनिवारी पाठवते’ एवढ्यावर भागवितात. नित्याच्या सहकाऱ्याला, एका दिवसाच्या उशिरासाठी, ते ठीक आहे. पण जेथे दुसऱ्याचे वेळापत्रक मोडले आहे, तेथे इतका आखूडपणा बेपर्वाईसारखा वाचला जातो. कबुलीचे वाक्य गाळून मिळविलेली संक्षिप्तता ही काटकसर नव्हे. वरच्या पत्रात गाळलेल्या मजकुराच्या बदल्यात चार गोष्टी नव्याने आल्या आहेत, ज्या लांब पत्रात नव्हत्या: चूक कोणती, ती केव्हा कळली, तयार काम आजच हाती, आणि तारीख न चालल्यास पुढचा मार्ग. चौदा तारखेचे वाक्य लिहिताना तिचा हात अडखळला होता. ते काढावे का, असे तिने दोनदा विचारले. मी नको म्हटले. तेवढे एक वाक्य गेले असते, तर उरलेले पत्र नीटनेटके पण पोकळ राहिले असते.

पाठविण्यापूर्वी पत्र एकदा मोठ्याने वाचावे, आणि ते सचिवांऐवजी अध्यक्षांच्या हाती गेले तर समजेल का, हे पाहावे. कारण अशी पत्रे पुढे पाठविली जातात, आणि पुढच्या वाचकाला आपली ओळख नसते. तसेच, मुदत संपून तास-दोन तासच झाले असतील आणि समोरचा मनुष्य वाट पाहत बसलेला असेल, तर आधी दूरध्वनी करावा आणि पत्र त्यानंतर, बोललेली तारीख नोंदविण्यासाठी पाठवावे. मंगळवारी तसे करण्याचा काळ उलटून गेला होता.

सचिवांचे उत्तर अर्ध्या तासात आले. शनिवार चालेल, सेहेचाळीस पाने मुद्रणालयाला धाडली आहेत, आणि परिशिष्टांतील रकमा लाखांत न लिहिता मुळाप्रमाणेच पूर्ण रुपयांत ठेवाव्यात, एवढेच त्यात होते. शनिवारी साडेदहाला तिने उरलेली पाने पाठविली. त्या पत्रात पुन्हा क्षमा मागण्याचा तिचा विचार होता, आम्ही तो सोडून दिला, आणि ‘परिशिष्टे, पृष्ठे ४७ ते ६४, सोबत जोडली आहेत, सर्व रकमा मुळाप्रमाणे पूर्ण रुपयांत ठेवल्या असून काल पडताळून पाहिल्या आहेत’ एवढे लिहून पत्र रवाना केले.